शैलीला मालक नसतो, म्हणून?

चित्रे तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला जी लेखी सूचना दिली जाते, आणि जिला आता सर्रास ‘प्रॉम्प्ट’ म्हटले जाते, तिच्यात हयात चित्रकाराचे नाव घालून त्याच्या हातचे वाटेल असे चित्र काढून घेण्यात काहीही वावगे नाही, असे मत छपाईच्या दुकानांपासून दिवाळी अंकांच्या संपादकांपर्यंत इतके रुळले आहे की त्याला कोणी मत म्हणतही नाही. ती व्यवहारातली शहाणीव समजली जाते. या शहाणिवेची मांडणी साधारण अशी असते: शैलीवर कायद्याने कोणाचाही हक्क नाही, प्रत्येक चित्रकार दुसऱ्याचे पाहूनच शिकतो, मग यंत्राने पाहिले तर बिघडले कुठे, नाव दिले की हवे ते चित्र मिनिटात मिळते आणि वर्णन लिहीत बसले की तास जातो, आणि हयात चित्रकाराऐवजी एखाद्या कलाचळवळीची वैशिष्ट्ये उसनी घ्यावीत असे जे सांगतात, ते उसनवारीच करतात, फक्त सोवळे नेसून. ही चारही विधाने ऐकायला ठसठशीत आहेत. त्यांतले एकही तपासणीत टिकत नाही. पहिले मात्र अर्धसत्य असल्यामुळे अधिक धोकादायक आहे.

कायद्यापासून सुरुवात केलेली बरी, कारण या मताचे समर्थक तिथेच सर्वांत निर्धास्त असतात. भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे, आणि कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर प्रताधिकार नसतो, तो त्यांच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले आहे. याच तर्काने निव्वळ शैलीवर मालकी सांगता येत नाही, हे खरे. पण हा नियम ज्या काळात घडला त्या काळात दुसऱ्याची शैली उचलायला उचलणाऱ्याला स्वतःचा हात वर्षानुवर्षे घडवावा लागत असे, आणि तो घडवताना त्याचा स्वतःचा काही अंश चित्रात उतरल्यावाचून राहत नसे. शैली मोकळी ठेवण्यामागचा सगळा हिशेब त्या श्रमावर उभा होता. श्रम नाहीसे झाल्यावर हिशेब तसाच राहतो काय? शिवाय कायद्याची नजर प्रताधिकारापाशी थांबत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात अंतरिम आदेश देताना, त्यांच्या परवानगीविना त्यांच्यासारखा आवाज काढून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविरुद्ध त्यांना संरक्षण दिले, आणि ते व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांच्या, म्हणजे नाव, आवाज, प्रतिमा अशा ओळखचिन्हांवर व्यक्तीचा जो ताबा असतो त्याच्या आधारे दिले. या आदेशाने चित्रशैलीचा प्रश्न सुटत नाही. मात्र ‘कायद्यात काहीच नाही’ हे वाक्य पूर्वीइतक्या बेफिकिरीने उच्चारता येत नाही, एवढे त्यातून नक्की होते. आणि समजा, कायद्यात खरोखरच काही नसते, तरी जे बेकायदेशीर नाही ते सगळे करण्याजोगे असते, असे मानणाऱ्याशी कलेवर वाद घालण्यात अर्थ नाही.

पोलंडचे चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की यांच्या बाबतीत जे घडले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. अद्भुतरम्य दृश्ये रंगवणाऱ्या या चित्रकाराचे नाव २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत ‘स्टेबल डिफ्यूजन’ या साधनाच्या सूचनांत सुमारे ९३,००० वेळा वापरले गेल्याचे नोंदले गेले, तर पिकासो किंवा लिओनार्दो यांची नावे त्याच नोंदीत सुमारे दोन हजारांच्या घरातच होती. रुटकोव्स्की यांची तक्रार शैली चोरीला गेल्याची कमी आणि नाव हरवल्याची अधिक होती: आंतरजालावर त्यांचे नाव शोधणाऱ्यापुढे त्यांनी कधीही न काढलेली चित्रे येऊ लागली होती. मेलेल्या चित्रकाराचे या प्रकारात फारसे काही जात नाही. हयात चित्रकाराचे मात्र पुढचे काम जाते, कारण त्याच्याकडे येऊ शकणारा ग्राहक त्याच्याच नावाने तयार झालेला स्वस्त माल घेऊन परततो. हयात आणि दिवंगत हा भेद भावनेचा नाही, बाजाराचा आहे.

अनुकरणाने शिकण्याचा दुसरा मुद्दा मराठी माणसाने तरी काढू नये, कारण त्याचे उत्तर त्याच्याच संगीतात आहे. किराणा घराण्याची स्वरप्रधानता, संथ बढत आणि सुरांच्या लगावाची पद्धत सवाई गंधर्वांकडून भीमसेन जोशींनीही घेतली आणि गंगूबाई हनगलांनीही. दोघांचे गुरू एक, घराणे एक, आणि तरी दोघांचे गाणे पडद्याआडून ऐकले तरी क्षणात वेगळे ओळखू येते. घराण्याकडून व्याकरण घ्यायचे आणि गळा स्वतःचा लावायचा, ही शिकण्याची रीत आहे. कलाचळवळ म्हणजे चित्रकलेतले असेच सामाईक व्याकरण असते: अनेक चित्रकारांनी एका काळात मिळून घडवलेल्या रचनेच्या, रंगाच्या आणि विषयाच्या सवयी. ती वैशिष्ट्ये उसनी घेणारा अनेकांच्या सामाईक ठेव्यातून घेतो. एका हयात माणसाचे नाव टाकणारा त्याच्या एकट्याच्या खिशात हात घालतो. जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून वर्षानुवर्षे रेखाटने करीत, हे अनुकरणच होते. पण ती रेखाटने पुतळ्याच्या मूळ शिल्पकाराच्या नावाने कोणी बाजारात विकली नाहीत.

तिसरा मुद्दा उपयुक्ततेचा आहे आणि व्यवहारी माणसाला तोच सर्वांत पटतो, म्हणून त्याला अधिक जागा देणे भाग आहे. नाव लिहिल्यावर यंत्रात नेमके काय होते? अशी साधने कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्याबरोबरची मजकुराची जोडी पाहून घडवलेली असतात. त्यांना शैली ‘कळत’ नाही, तर एखाद्या शब्दाबरोबर कोणते रंग, कोणत्या रचना आणि कोणते विषय वारंवार आले याचा सांख्यिकी संबंध त्यांच्यात साठलेला असतो. म्हणून नाव हे गाठोडे असते आणि ते सोडून हवे ते काढून घेता येत नाही. व्हॅन गॉग लिहिले की नको असतानाही आकाशात भोवरे फिरू लागतात, वसईच्या भातशेतात सायप्रसची झाडे उगवतात. शैली मागितली तर विषयही बांधून येतो. शिवाय हे गाठोडे केव्हा सुटेल याचाही भरवसा नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजनची दुसरी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातील मजकूर समजून घेणारा भाग, ज्याला एन्कोडर म्हणतात, तो बदलला होता. परिणामी कालपर्यंत हुकमी चालणारी चित्रकारांची नावे एका रात्रीत निष्प्रभ झाली आणि नावांवर दुकान चालवणाऱ्यांनी मोठा आरडाओरडा केला. ज्यांनी प्रकाशाची दिशा, रंगांची संख्या आणि रचना शब्दांत लिहायची सवय लावून घेतली होती, त्यांचे काम थोड्याफार फेरफाराने चालू राहिले.

मराठी चित्रकारांच्या बाबतीत तर नावाची उपयुक्तता आणखी संशयास्पद आहे. २०२५ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण केलेल्या शि. द. फडणीसांचेच उदाहरण घ्यावे. ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकासाठी १९५० च्या दशकात त्यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या तरुणाच्या शर्टावर मांजरे आहेत आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर, एकही शब्द न लिहिता त्या दोघांमधली सगळी कथा सांगून होते. हे चित्र फडणीसांचे ठरते ते बारीक बाह्यरेषेमुळे आणि सपाट, प्रसन्न रंगांमुळे तर आहेच, पण त्याहून अधिक दोन छापांची गाठ घालणाऱ्या त्या युक्तीमुळे. नाव लिहून यंत्राकडून काय मिळेल? गोल चेहरे, बारीक रेषा, सपाट रंग. विनोद सोडून सर्व काही. ज्याच्या चित्राचा प्राण कल्पनेत आहे त्याची कातडी काढून पांघरणे याला उपयुक्तता म्हणायचे असेल तर तो शब्द तरी मोकळा सोडावा.

नाव चालत नाही असे लक्षात आल्यावर पुढची पायरी येते आणि ती अधिक वाईट आहे: सूचनेला संदर्भचित्र जोडणे. मिडजर्नीसारख्या साधनात `--sref` असे लिहून त्यापुढे एखाद्या चित्राचा पत्ता दिला की त्या चित्राचा रंगरूपाचा बाज नव्या चित्रात उतरतो. येथे नावाचा उच्चारही होत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याचे मन स्वच्छ राहते. पण एकाच हयात चित्रकाराचे एकच चित्र संदर्भ म्हणून दिले तर नाव घेतल्यापेक्षाही जवळची नक्कल होते. याच सोयीचा रास्त उपयोग मात्र होऊ शकतो, आणि तो चळवळीच्या वैशिष्ट्यांसाठीच होतो: प्रताधिकाराची मुदत संपलेल्या, निरनिराळ्या हातांच्या चार-पाच चित्रांचा एकत्र संदर्भ दिला की प्रत्येकाच्या वैयक्तिक लकबी परस्परांना बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतात आणि सर्वांत समान असलेले तेवढे वर उरते. मुदतीचा हिशेब सोपा आहे; भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. म्हणजे १९४४ मध्ये निवर्तलेल्या म. वि. धुरंधरांची चित्रे आज मोकळी आहेत, तर १९७१ मध्ये गेलेल्या दीनानाथ दलालांची २०३१ अखेरपर्यंत नाहीत.

आता वर्णनाने तास जातो या तक्रारीची परीक्षा एका प्रत्यक्ष कामावर करून पाहता येईल. वसईच्या किल्ल्यावरील एखाद्या कार्यक्रमाचे भित्तिपत्रक करायचे आहे असे समजावे. प्रचलित रीत म्हणजे ‘वसईचा किल्ला, पावसाळा, अमुक चित्रकाराच्या शैलीत’ एवढे लिहून मोकळे होणे. त्याऐवजी आर्ट डेको ही चळवळ घेतली तर काय लिहावे लागेल? १९२० आणि १९३० च्या दशकांत जगभर पसरलेल्या या चळवळीचे रूप वसईकराला अपरिचित नाही. चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हच्या इमारतींकडे पाहिले की ते दिसते, आणि मुंबईच्या त्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले आहे. तिची भित्तिपत्रकातील वैशिष्ट्ये अशी: आकारांचे भौमितिक सुलभीकरण, छटांचे उतार टाळून वापरलेले मोजके सपाट रंग, खालून वर पाहिल्यामुळे वस्तूला येणारा उंच डौल, रेषेने काढण्याऐवजी दोन रंगांच्या सीमेने घडणारी कड, आणि अक्षरांसाठी आधीच राखलेली मोकळी जागा. मग सूचना साधारण अशी होते: ‘१९३० च्या दशकातील आर्ट डेको प्रवास-भित्तिपत्रक, समुद्राच्या बाजूची जुनी दगडी तटबंदी आणि कमानीचा दरवाजा, नजर जमिनीलगत, मागे भग्न चर्चचा एक चौकोनी मनोरा आणि तीन ताड, पाच सपाट रंग, त्यांत शेवाळी हिरवा आणि ओल्या दगडाचा काळसर करडा प्रमुख, तिरपा पाऊस समांतर पट्ट्यांनी, वरचा तिसरा भाग रिकामा.’

पहिल्या फेरीत हे चित्र बहुधा बिघडते, आणि कसे बिघडते ते ठाऊक असणे हेच कौशल्य आहे. आर्ट डेको या शब्दाला अमेरिकी गगनचुंबी इमारती आणि मायामीची हॉटेले चिकटलेली असतात, त्यामुळे तटबंदीला पायऱ्यापायऱ्यांचे शिखर फुटते. आणि ‘भारतातील किल्ला’ म्हटले की यंत्राला राजस्थानी घुमट आणि छत्र्या आठवतात. येथे ‘घुमट नको’ असे लिहिणे उलटे फळ देऊ शकते, कारण नकाराचे स्वतंत्र रकाने नसलेल्या साधनांत ‘घुमट’ हा शब्दच घुमटाला बोलावणे धाडतो. ‘सपाट माथ्याची, झाडोऱ्याने झाकलेली पडकी भिंत’ असे होकारार्थी लिहावे लागते. किल्ल्याचे रूप खरे उतरावे म्हणून स्वतः काढलेले छायाचित्र विषयाचा संदर्भ म्हणून जोडावे आणि चळवळीचे संदर्भ वेगळे ठेवावेत. अक्षरे यंत्राकडून काढून घेऊ नयेत, देवनागरी जोडाक्षरांचा ते अजूनही अनेकदा चुराडा करते. रिकाम्या जागेत ती नंतर स्वतंत्र बसवावीत. चार-पाच फेऱ्यांत काम उभे राहते. गेलेला वेळ कशात गेला? किल्ला कोणत्या बाजूने, कोणत्या ऋतूत, कोणत्या रंगांत दाखवायचा हे ठरवण्यात. ज्याला हा वेळ वाया गेला असे वाटते त्याला चित्र नको असते, चित्रासारखे काहीतरी हवे असते.

उरला सोवळ्याचा आक्षेप, आणि तो पालघर जिल्ह्यात नीट तपासावा लागतो, कारण येथे चळवळ म्हटले की पहिले नाव वारलीचे निघते. काही चतुर मंडळी सांगतात की जिव्या सोमा म्हशे यांच्या वंशजांचे किंवा आजच्या एखाद्या वारली चित्रकाराचे नाव न घेता नुसते ‘वारली शैली’ लिहिले की नियम पाळला गेला. हा नियमाचा विपर्यास आहे. आर्ट डेको किंवा दृक्प्रत्ययवाद या संपलेल्या, ग्रंथांत नोंदलेल्या, जगभर विखुरलेल्या चळवळी आहेत. वारली ही डहाणू, जव्हार, तलासरीच्या पाड्यांवर आजही ज्यांचे पोट आणि विधी तिच्याशी बांधलेले आहेत अशा एका समाजाची चालू परंपरा आहे. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी आणि समाजाशी जोडलेली वस्तू म्हणून त्या नावाची कायदेशीर नोंद झाली. लग्नात सुवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेला देवचौक आणि त्यातील पालघट देवी ही सजावट नाही. १९७० च्या दशकापासून म्हशे यांनी तीच भाषा कागदावर आणि कापडावर आणून तिला रोजच्या जगण्याचे, मासेमारीच्या जाळ्यांचे, मुंग्यांचे विषय दिले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. अशा परंपरेत संपूर्ण समाजच हयात कलावंताच्या जागी असतो, आणि हयात कलावंताला लावलेला निकष त्यालाही लागतो.

यंत्राची वारली पाहिली की हे आपोआप पटावे. दोन त्रिकोणांनी जोडलेली माणसे ते बिनचूक काढते, पण तारपा नाचाचे वलय बंद करून टाकते, तर मूळ चित्रात ते बहुधा सर्पिल असून टोक मोकळे असते. नाचणाऱ्यांची पाठ तारपावाल्याकडे जाते, जी प्रत्यक्ष नाचात जाऊ नये असा संकेत आहे. चेहऱ्याला डोळे फुटतात, रेषेची काडीने काढलेली थरथर जाऊन छापील एकजिनसीपणा येतो आणि देवचौकाची चौकट फुलांच्या किनारीसारखी मिठाईच्या खोक्यावर बसते. ही चळवळीची वैशिष्ट्ये उसनी घेणे नव्हे. वैशिष्ट्ये न कळता त्यांचा आभास विकणे आहे. आणि त्याची गरज तरी कोणाला? विरारहून डहाणू रोडला लोकल जाते.

म्हणजे ‘चळवळ घ्या’ या सल्ल्याला अटी आहेत आणि आक्षेप घेणाऱ्यांना त्या ऐकायच्या नसतात, कारण अटी ऐकल्या की सोवळ्याची थट्टा संपते. चळवळ इतकी रुंद असावी की तिच्यात अनेक हात सामावतील. एकदोनच परिचित नावे असलेला गट घेऊन त्यातल्या एकाचीच लकब वर्णन केली तर तो नावावर टाकलेला बुरखा आहे. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाचे नाव लिहून पुढे जाड तुटक रेषांचे उधळलेले घोडे मागणारा हुसेन यांनाच बोलावतो, हे त्यालाही कळते. तयार चित्राची तपासणीही अवघड नाही: चित्रकला जाणणाऱ्या माणसाला, काहीही न सांगता, हे कोणाचे वाटते असे विचारावे. त्याने एखाद्या काळाचे किंवा चळवळीचे नाव घेतले तर काम जमले. क्षणात एका व्यक्तीचे नाव घेतले तर सूचना पुन्हा लिहावी. कोपऱ्यात सहीसारखी अर्धवट खरड उमटली असेल तर विचारण्याचीही गरज नाही. आणि उलट शोधयंत्रात ते चित्र टाकून त्याच्याशी जवळपास जुळणारे मूळ चित्र सापडते का, हे छपाईला देण्यापूर्वी एकदा पाहावे.

शैलीला मालक नसतो या वाक्याने ज्यांचे समाधान होते त्यांनी एवढेच सांगावे की मग सूचनेत मालकाचे नाव कशासाठी लिहिले जाते. शैली खरोखर कोणाचीच नसती तर तिला हाक मारायला त्या चित्रकाराचे नाव लागले नसते. ते लागते, कारण त्या नावाखाली एका माणसाची अनेक वर्षांची मेहनत साठलेली आहे आणि सूचना लिहिणाऱ्याला नेमकी तीच, पैसे न मोजता, हवी आहे. वसई-विरारमध्ये जे कोणी यंदा मुखपृष्ठ, पत्रिका किंवा भित्तिपत्रक यंत्राकडून करून घेणार असतील त्यांनी सूचनेतील व्यक्तीचे नाव खोडावे आणि त्या जागी आपल्याला त्या चित्रांतले काय आवडते ते मराठीत चार ओळींत लिहून पाहावे. ते लिहिता आले नाही आणि तरीही त्याच हातचे चित्र हवे असेल, तर त्या चित्रकाराला फोन करून त्याचा दर विचारावा.